खातं कंपनीचं, दुकान ताईचं: छोट्या विक्रेत्याला कार्ड घेता येतं ते कसं

सप्टेंबरच्या एका रात्री एक वाजता फोन वाजला. पलीकडे माझी मावसबहीण, न्यू जर्सीहून. तिकडे दुपारचे साडेतीन.

"अरे, नऊ हजार डॉलर अडकवलेत त्यांनी माझे! पाच दिवसांत दोनशे ऑर्डरी घेतल्या, लोकांनी पैसे भरले, आणि कंपनी म्हणते तुमचे पैसे तपासणीसाठी थांबवले आहेत. माझे पैसे थांबवणारे हे कोण?"

ताई कापडी आकाशकंदील बनवते. एरवी शनिवार-रविवारच्या बाजारात टेबल मांडून पणत्या, तोरणं, लहान कंदील विकते. वीस-तीस डॉलरची विक्री, मोबाइलला जोडलेल्या छोट्या यंत्रावर कार्ड टेकवलं की झालं. त्या वर्षी तिनं पहिल्यांदाच दिवाळीसाठी आगाऊ नोंदणी उघडली होती. मी पुण्यात बसून काही वर्षं अशाच एका अमेरिकी पेमेंट कंपनीसाठी रात्रपाळीत जोखीम तपासायचं काम केलं आहे, त्यामुळे घरात असे फोन मलाच येतात. मी विचारलं, "ताई, बँकेशी तुझा करार कुठला आहे?" ती म्हणाली, "बँकेशी? बँकेत माझं साधं बचत खातं आहे. करार कसला?"

तिचा प्रश्न आणि माझा प्रश्न यांचं उत्तर एकच आहे. कार्ड घेण्यासाठी बँकेशी करार लागतोच, त्यातून सुटका नाही. ताईच्या बाबतीत तो करार दुसऱ्या कोणीतरी आपल्या नावावर केलेला होता, आणि त्या दुसऱ्यानं तिला आपल्या छपराखाली टेबल मांडू दिलं होतं. या छपरवाल्याला पेमेंट फॅसिलिटेटर म्हणतात. धंद्यातली माणसं घाईत 'पेफॅक' म्हणतात.

हे छप्पर का लागतं ते समजायला आधी कार्डाचा प्रवास बघू. गिऱ्हाइकाच्या खिशातलं कार्ड एका बँकेनं दिलेलं असतं. दुकानदाराच्या बाजूला दुसरी एक बँक असते, तिला अ‍ॅक्वायरर म्हणतात. दोघींच्या मध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क. या नेटवर्कमध्ये कोणीही थेट दुकानदार म्हणून शिरू शकत नाही. कुठल्या तरी अ‍ॅक्वायरर बँकेनं त्याला हाताला धरून आत आणावं लागतं आणि नेटवर्कला सांगावं लागतं की याची जबाबदारी माझी. असं आत आणलेल्या दुकानाच्या नोंदीला मर्चंट अकाउंट म्हणतात. नाव अकाउंट असलं तरी त्यात बचत खात्यासारखी रक्कम साठत नाही. बँकेनं त्या दुकानासाठी उघडलेली ती एक प्रकारची उधारीची वही असते.

उधारी हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्याला वाटतं की कार्ड टेकवलं, पैसे मिळाले, व्यवहार संपला. खरं तर कार्डाचे पैसे पुढे बरेच महिने परत मागता येतात. गिऱ्हाईक आपल्या बँकेला म्हणू शकतं की वस्तू आलीच नाही, किंवा हा खर्च माझा नाहीच. मग त्याची बँक पैसे मागे खेचते. याला चार्जबॅक म्हणतात. वस्तू न मिळाल्याच्या तक्रारीला व्हिसाच्या नियमात साधारण १२० दिवस मिळतात, आणि ते मोजायला सुरुवात होते वस्तू मिळायची होती त्या दिवसापासून. म्हणजे दुकानदाराला आज पैसे देणारी बँक, पुढच्या चार-सहा महिन्यांत ते परत मागावे लागले तर हा माणूस जागेवर असेल का, अशी पैज लावत असते.

ही पैज लावण्याआधी बँक दुकानदाराची कुंडली बघणारच. अमेरिकेत अनेक वर्षं त्याची रीत अशी होती: एक एजंट यायचा, लांबलचक अर्ज भरून घ्यायचा, मालकाची पत तपासली जायची, वैयक्तिक हमी घेतली जायची. मग दर महिन्याचं किमान शुल्क, हिशेबपत्रकाचं शुल्क, आणि कार्ड मशीन भाड्यानं. ते भाडंही कित्येकदा चार वर्षांच्या, मध्ये न मोडता येणाऱ्या कराराचं. महिन्याला लाख डॉलरची विक्री करणाऱ्या हॉटेलला हे परवडायचं. पण बँकेला तपासणीचा खर्च हॉटेलसाठी जितका, जवळजवळ तितकाच शनिवारच्या बाजारात पणत्या विकणारीसाठी. तिच्याकडून मिळणार महिन्याला पाच-सात डॉलर. मग बँक तिच्याकडे ढुंकून का बघेल? यात बँकेचा दुष्टपणा नव्हता, नुसता हिशेब होता.

या हिशेबातच एक मोठी कंपनी जन्माला आली. सेंट लुईसचा जिम मॅककेल्वी काचेच्या वस्तू घडवायचा. गिऱ्हाइकाकडे अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड, ते घ्यायची सोय याच्याकडे नाही, म्हणून काचेच्या एका नळाची विक्री हातची गेली. त्यानं आणि जॅक डॉर्सीनं २००९ मध्ये स्क्वेअर सुरू केली. फोनच्या हेडफोनच्या भोकात घालायचा तो पांढरा चौकोनी तुकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या मते खरी युक्ती त्या तुकड्यात नव्हती, कागदात होती. लाखो छोट्या विक्रेत्यांनी बँकेकडे जाण्याऐवजी स्क्वेअरनं स्वतः बँकेशी करार केला आणि त्या सगळ्यांना आपल्या कराराखाली घेतलं. इंटरनेटवर पेपालसारख्या कंपन्या असं काही आधीपासून करत होत्या. बाजारातल्या टेबलापर्यंत ते आणलं ते स्क्वेअरनं.

आता या छपराखाली नक्की कोण कोणाला काय देणं लागतं ते पाहू.

अ‍ॅक्वायरर बँक फॅसिलिटेटर कंपनीची कसून तपासणी करते: भांडवल, संचालक, फसवणूक पकडायची व्यवस्था, सगळं. मग करार होतो आणि बँक त्या कंपनीची नेटवर्ककडे फॅसिलिटेटर म्हणून नोंद करते. कंपनी पुढे आपल्या विक्रेत्यांना सामावून घेते. त्यांना सब-मर्चंट म्हणतात, आपण उपविक्रेता म्हणू. ताईनं मोबाइलवर 'मला अटी मान्य आहेत' असं बटण दाबलं, तोच तिचा करार. तो तिच्यात आणि कंपनीत. बँक त्या चित्रात मागे उभी आहे, पण ताईच्या कागदावर तिची सही नाही. त्या अटींमध्ये एक कलम मात्र ठळकपणे असतं, जे कोणी वाचत नाही: चार्जबॅक आला तर ती रक्कम कंपनी तुमच्या येणाऱ्या पैशातून किंवा तुमच्या बँक खात्यातून कापून घेईल.

पैसे मागे खेचले गेले की ते कसे सरकतात बघा. गिऱ्हाइकाची बँक अ‍ॅक्वायररकडून घेते. अ‍ॅक्वायरर फॅसिलिटेटरकडून घेते. फॅसिलिटेटर ताईकडून घेते. ताईचं खातं रिकामं असेल तर नुकसान फॅसिलिटेटरचं. फॅसिलिटेटरच बुडाली असेल तर अ‍ॅक्वायरर बँकेचं. रांगेत उभ्या केलेल्या विटा एकामागून एक पडाव्यात तसं. म्हणून प्रत्येक जण आपल्या खालच्यावर नजर ठेवून असतो. ताईच्या फोनवर कार्ड घ्यायची सोय कंपनीनं दहा मिनिटांत चालू करून दिली होती, त्यातलं इंगितही हेच आहे: बँकेला ताईबद्दल काहीच ठरवायचं नव्हतं. बँकेनं कंपनीला आधीच ओळखलेलं होतं, आणि ताईला ओळखायचं काम कंपनीवर सोपवलेलं होतं.

दहा मिनिटांत कंपनी काय ओळखते? नाव, पत्ता, जन्मतारीख, सरकारी ओळख क्रमांक, बँक खातं, काय विकता, साधारण किती विकता. संगणक ही माहिती तिथल्या तिथे ताडून बघतो. नाव सरकारी निर्बंधांच्या यादीत आहे का हे बघितलं जातं. आणखी एक यादी असते, मास्टरकार्ड चालवतं ती, तिचं नाव 'मॅच'. आधी कुठल्या बँकेनं किंवा कंपनीनं फसवणुकीसाठी किंवा अति चार्जबॅकसाठी हाकललेल्या विक्रेत्यांची नावं त्यात पाच वर्षं राहतात. मग धंद्याला चार आकडी कोड दिला जातो. न्हावी आणि ब्युटी पार्लर असेल तर ७२३०, जेवणाचं हॉटेल असेल तर ५८१२. हा कोड क्षुल्लक वाटतो, पण कंपनीचा संगणक पुढे प्रत्येक व्यवहार त्याच्याशी जुळतो का ते बघत बसतो. केस कापणाऱ्याच्या खात्यावर रात्री अडीच वाजता ८०० डॉलर आले की तो कान टवकारतो.

म्हणजे बँकेची रीत होती आधी सगळं तपासायचं आणि मग दार उघडायचं. फॅसिलिटेटर दार आधी उघडते आणि लक्ष नंतर ठेवते. लोकांना पहिल्या भागाचं कौतुक असतं. दुसरा भाग अंगावर आला की राग येतो.

पैशांचा प्रवास एका विक्रीपुरता मोजून बघू. ताईनं शनिवारी ४० डॉलरचं तोरण विकलं. कार्ड टेकवलं की जो संदेश जातो त्यात दोन ओळखी असतात: कंपनीची, आणि तिच्या खाली ताईची. गिऱ्हाइकाच्या बँकेनं होकार दिला. रात्री त्या दिवसाचे सगळे व्यवहार एकत्र निघतात. अ‍ॅक्वायरर बँक ताईला वेगळे पैसे पाठवत नाही. कंपनीच्या हजारो विक्रेत्यांची रक्कम एका गठ्ठ्यात येते. कोणाचे किती हे कंपनीच्या वहीत लिहिलेलं असतं आणि त्याप्रमाणे ती वाटप करते. सोमवारी किंवा मंगळवारी ताईच्या बचत खात्यात पैसे दिसतात.

समजा कंपनीचा दर २.६ टक्के आणि वर १५ सेंट आहे. ४० डॉलरवर १ डॉलर १९ सेंट कापले गेले, ताईला ३८ डॉलर ८१ सेंट मिळाले. या १.१९ मधला मोठा वाटा कंपनीचा नसतोच. तो कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, थोडा नेटवर्ककडे, थोडा अ‍ॅक्वायररकडे. कार्डानुसार हा वाटा बदलतो. या विक्रीत तो ८५ सेंट होता असं धरू. कंपनीच्या हातात राहिले ३४ सेंट, आणि त्यातूनच पगार, यंत्रं, फोनवरची माणसं.

कधी कधी तेही राहत नाहीत. स्क्वेअरचा सुरुवातीचा दर सरसकट २.७५ टक्के होता. ३ डॉलरच्या कॉफीवर तो होतो सव्वाआठ सेंट. अमेरिकेत मोठ्या बँकांना डेबिट कार्डामागे मिळणाऱ्या या वाट्यावर २०११ पासून सरकारनं घातलेली मर्यादा व्यवहारामागे २१ सेंट आणि वर थोडी टक्केवारी अशी आहे. छोट्या रकमेवरही ही मर्यादा जवळपास पूर्ण वसूल व्हायला लागली. म्हणजे प्रत्येक अशा कॉफीमागे कंपनी आपल्या खिशातून बारा-तेरा सेंट घालणार. हल्लीच्या दरात टक्क्यांसोबत ठरावीक सेंट का असतात याचं हे एक कारण.

आता ते ३४ सेंट आणि चार्जबॅक शेजारी ठेवा. एखाद्या विक्रेत्यानं १८० डॉलरची वस्तू पाठवली नाही आणि तो गायब झाला, तर ते १८० डॉलर कंपनीचे गेले. भरून काढायला ४० डॉलरच्या ५३० विक्री विनातक्रार व्हाव्या लागतील. हा एकच भागाकार डोक्यात ठेवला की फॅसिलिटेटर कंपन्या अशा का वागतात हे बरंचसं उलगडतं.

आणि ताईचं काय झालं तेही. अर्ज भरताना तिनं लिहिलं होतं: हस्तकला, सरासरी विक्री ३० डॉलर, महिन्याला दीड हजार. सहा महिने तसंच चाललं. मग सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कार्ड समोर न ठेवता, लिंकवरून, ४५ डॉलरप्रमाणे २०० व्यवहार, पाच दिवसांत ९,००० डॉलर. तिच्यासाठी हा आनंदाचा आठवडा होता. जोखमीच्या टेबलावर बसलेल्या माझ्यासारख्याला यात तीन गोष्टी दिसतात. रक्कम नेहमीच्या सहापट. कार्ड हाताळलेलं नाही, म्हणजे चोरीचं असण्याची शक्यता जास्त. आणि तिसरी सगळ्यांत वाईट: वस्तू अजून द्यायचीच आहे.

चोरीच्या कार्डापेक्षाही हे तिसरं जास्त बुडवतं, असा माझा अनुभव. फसवणारा माणूस लवकर पकडला जातो, कारण तो घाईत असतो. प्रामाणिक माणूस आगाऊ पैसे घेतो, त्यातून कापड आणतो, कारागीर आजारी पडतो, माल वेळेत होत नाही, आणि तोवर पैसे संपलेले असतात. कंदील ऑक्टोबरच्या मध्यावर पोहोचायचे होते. न पोहोचल्याची तक्रार त्यापुढे १२० दिवस येऊ शकते. म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं ९,००० डॉलरची जोखीम फेब्रुवारीपर्यंत उघडी. आणि त्या जोखमीवर तिला मिळणार किती? लिंकवरच्या विक्रीचा दर २.९ टक्के आणि ३० सेंट. दर ऑर्डरीमागे साधारण १ डॉलर ६० सेंट, दोनशेचे मिळून ३२१ डॉलर. त्यातलाही मोठा भाग बँकांचा.

हे सगळं मी ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्यांना मी चोर वाटते?" तिला म्हटलं, "नाही गं ताई. तू न कळवता एका आठवड्यात दुसराच धंदा सुरू केलास, एवढंच त्यांना दिसतंय. तू कंपनीला माल दाखव."

मग आम्ही दोघांनी फोनवर बोलत कागद जमवले. कापडाची आणि तारेची बिलं. गॅरेजमध्ये तयार असलेल्या ७० कंदिलांचा फोटो, त्या दिवसाच्या तारखेसह. उरलेले कोण करणार, किती दिवसांत करणार. नोंदणीच्या पानाचं चित्र, जिथे पोहोचण्याची तारीख गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलेली होती. आधीच्या सहा महिन्यांत एकही चार्जबॅक नाही ही ओळ मी सर्वांत वर लिहायला लावली. चिडून लिहिलेलं तिचं पहिलं पत्र पाठवू दिलं नाही. तपासणाऱ्याच्या समोर दिवसाला अशी कितीतरी प्रकरणं येतात, त्याला राग वाचायला वेळ नसतो, पुरावा वाचायला असतो.

चार दिवसांनी उत्तर आलं. कंपनीनं ९,००० च्या २५ टक्के, म्हणजे २,२५० डॉलर राखून ठेवले आणि उरलेले सोडले. कमिशन वजा जाता तिच्या खात्यात ६,४२९ डॉलर आले. राखलेल्या रकमेला रिझर्व्ह म्हणतात. कंदील पोहोचल्याचे कुरिअरचे क्रमांक दिल्यावर तीही टप्प्याटप्प्यानं सुटणार होती. ताईच्या नशिबानं सुटली. सगळ्यांच्या बाबतीत ते इतकं सरळ होत नाही. २०२० मध्ये महासाथीत स्क्वेअरनं बऱ्याच छोट्या व्यावसायिकांच्या येणाऱ्या पैशातले २० ते ३० टक्के चार महिन्यांसाठी राखून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ज्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती असे लोकही त्यात भरडले गेले. आधीच धंदा बसलेला, त्यात हे. करारात तो अधिकार लिहिलेला होता. बँकेशी थेट करार असता तर बँकेलाही तो असता, पण तिथे निदान फोन करायला एक ओळखीचा माणूस असतो. छपराखाली तुम्ही लाखांतले एक असता.

दिवाळीनंतर तीन चार्जबॅक आले. दोन खरोखर पत्ता चुकल्यामुळे. तिसरा मजेशीर. गिऱ्हाईक म्हणत होतं, हा खर्च मी केलेलाच नाही. कंदील तर त्या बाईच्या दारात टांगलेला होता, ताईनं फोटोत बघितला होता! घोळ झाला होता तो कार्डाच्या हिशेबपत्रकावरच्या नावाचा. फॅसिलिटेटरमार्फत झालेल्या खर्चाच्या ओळीत आधी कंपनीची खूण येते आणि मग विक्रेत्याचं नाव. स्क्वेअरची खूण `SQ *` अशी असते, पेपालची `PAYPAL *`. त्यापुढे उरलेल्या मोजक्या अक्षरांत दुकान बसवायचं. ताईनं अर्ज भरताना दुकानाच्या नावाची जागा कोरी सोडली होती, म्हणून तिथे तिचं कागदोपत्री असलेलं माहेर-सासरचं लांब नाव अर्धवट तुटून छापलं जात होतं. गिऱ्हाइकाला ठाऊक होतं कंदिलाच्या दुकानाचं नाव. खर्च अनोळखी वाटला, तिनं बँकेला फोन केला. नेटवर्कनं दोन्ही नावं दाखवायचा नियम केला आहे तो याचसाठी, पण विक्रेत्यानं दिलेलं नावच चुकीचं असेल तर नियम काय करणार! नाव बदलायला ताईला एक मिनिट लागलं.

एक चूक मात्र मिनिटात सुटत नाही, आणि आपल्या लोकांत ती भाबडेपणानं होते. शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे कार्डाची सोय नाही. तो म्हणतो, वहिनी, एवढं कार्ड तुमच्या यंत्रावर घ्या, मला रोख द्या. मदत म्हणून एकदा ठीक वाटतं. पण त्यामुळे कंपनीनं न तपासलेला विक्रेता तिच्या छपराखाली शिरला. त्याचा माल खोटा निघाला तर चार्जबॅक तुमच्या नावावर. बेकायदा औषधं, जुगार असले धंदे याच वाटेनं साध्या दुकानाच्या आड पैसे आणतात, म्हणून कंपन्या याला अजिबात क्षमा करत नाहीत. खातं बंद, आणि वर सांगितलेल्या त्या यादीत नाव गेलं तर पाच वर्षं दुसरीकडेही दार उघडणं कठीण. स्वतःचंच कार्ड स्वतःच्या यंत्रावर टेकवून मोठी रक्कम काढणंही याच संशयात येतं.

आता उलट बाजू. उपविक्रेत्यावर एवढी नजर ठेवणारी ही कंपनीच बुडाली तर? बँकेकडून गठ्ठ्यानं आलेले पैसे वाटायच्या आधी तिच्या हाताखालून जातात. हा प्रश्न आपल्याकडे जास्त ठळकपणे सोडवला गेला आहे. भारतात या धंद्याला पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतात. रिझर्व्ह बँकेनं १७ मार्च २०२० ला त्यासाठी नियम काढले. बँक नसलेल्या कंपनीला हे काम करायचं तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. अर्जाच्या वेळी नक्त मालमत्ता किमान १५ कोटी रुपये, आणि पुढे ती २५ कोटींवर न्यावी लागते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे विक्रेत्यांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. त्या खात्यातून कंपनीला स्वतःचे पगार किंवा भाडं भागवता येत नाही. सुरुवातीला या नियमांचा भर ऑनलाइन विक्रीवर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नवा एकत्रित निर्देश काढला, त्यात दुकानात समोरासमोर कार्ड घेणाऱ्या कंपन्यांचाही वेगळा वर्ग आला. कोल्हापुरातल्या चपलांच्या दुकानात जे छोटं कार्ड मशीन असतं, त्यामागे बँक थेट आहे की अशी अ‍ॅग्रिगेटर कंपनी, हे दुकानदाराला बहुधा माहीत नसतं. पैसे अडकले की पहिल्यांदा कळतं. ते आधी बघायचं असेल तर करारावर सही कोणाची आहे तेवढं बघावं.

न्यू जर्सीच्या गोष्टीतला एक धागा राहिला. छपराखाली कायमचं राहता येत नाही. कार्ड नेटवर्कच्या नियमांत उपविक्रेत्यासाठी वार्षिक विक्रीची मर्यादा असते. पूर्वी ती एक लाख डॉलर होती, नंतर बराच काळ दहा लाख डॉलर राहिली. मर्यादेच्या वर गेलेल्या विक्रेत्याला अ‍ॅक्वायरर बँकेशी थेट करारात यावं लागतं. मग फॅसिलिटेटर हवी तर सोबत राहते, पण कागदावर बँकेची सही येते. इतका मोठा विक्रेता बुडाला तर त्याचा भार मधल्या कंपनीला पेलेलच असं नाही, म्हणून बँकेला त्याला स्वतः ओळखायचं असतं.

पुढच्या वर्षी ताईनं ऑगस्टमध्येच कंपनीला कळवलं: अमुक तारखेपासून आगाऊ नोंदणी, अंदाजे ३०० कंदील, निम्मे तयार झाल्यावरच लिंक उघडणार. पैसे अडकले नाहीत. मी तिला दहा लाखांच्या मर्यादेबद्दल सांगितलं तर म्हणाली, "दहा लाख डॉलरचे कंदील? तुझे भावजी म्हणतायत आधी त्यांची गाडी ठेवायला गॅरेज परत दे."